पी जेव्हा एनबरोबर धावला

गणित विभागाच्या सेमिनार हॉलमध्ये शेवटच्या बाकावर तिच्या सासरचं अख्खं खटलं बसलं होतं. सासरे इस्त्रीचा शर्ट घालून ताठ, सासूबाई मांडीवर पर्स घट्ट धरून, नवरा मोबाईल सायलेंट झालाय की नाही ते पुन्हापुन्हा बघत. दीर आज औषधांचं दुकान नोकरावर टाकून आला होता. सकाळी घरातून निघताना त्यानं तिला छेडलंच होतं, "वहिनी, डॉक्टर झालात की दुकानासाठी चिठ्ठ्या लिहून द्या. अक्षर तर आधीपासून तसंच आहे."

ती हसली होती. आता ती फळ्यासमोर उभी होती.

कॉलेजात शिकवायचं, घरी परतून स्वयंपाक आणि मुलीचा अभ्यास, आणि उरल्यासुरल्या वेळात पीएचडी. अशी सहा-सात वर्षं गेली होती, आणि आज शेवटची तोंडी परीक्षा. विभागात तिला सगळे 'मुंगी' म्हणत. नाव मॅडमनीच ठेवलेलं. मॅडम म्हणजे तिच्या मार्गदर्शक. संभाव्यतेच्या विषयात त्यांचं नाव निघालं की लोक खुर्चीत सावरून बसत. "ही पोरगी एका वेळी साखरेचा एकच दाणा उचलते," मॅडम कौतुकानं सांगायच्या, "पण उचललेला खाली टाकत नाही."

आज त्या पहिल्या रांगेत, उजव्या कोपऱ्यात बसल्या होत्या. हात मांडीवर, चेहऱ्यावर नेहमीचं शांत हसू. त्यांच्यापासून एक खुर्ची सोडून बाहेरगावचे परीक्षक होते. पांढऱ्या मिशांचे, बारीक आवाजाचे. त्यांना दहा विद्यापीठांत 'शंकासुर' म्हणून ओळखत, कारण ते प्रत्येक तोंडी परीक्षेत "मला एक छोटी शंका आहे" असं म्हणून सुरुवात करत, आणि ती शंका कधीच छोटी नसे. मधल्या खुर्चीत विभागप्रमुख होते. ते अध्यक्ष.

तिनं सुरुवात घरच्यांनाही कळेल अशी केली. मॅडमनी तसं बजावलं होतं.

"एका पेटीत चिठ्ठ्या आहेत," ती म्हणाली. "एकपासून एनपर्यंत आकडे लिहिलेल्या. एक चिठ्ठी काढायची, आकडा बघायचा, परत पेटीत टाकायची. असं पी वेळा करायचं. या सगळ्यांत सर्वांत मोठा आकडा कोणता आला? तो वरून कितव्या क्रमांकाचा? सगळ्यांत वरची चिठ्ठी हाती आली तर पहिला क्रमांक. त्याच्या खालची असेल तर दुसरा. सरासरी क्रमांक किती येईल, हा माझ्या प्रबंधाचा प्रश्न."

सासऱ्यांनी मान डोलावली. लॉटरीसारखं काहीतरी आहे, एवढं त्यांना कळलं.

मग तिनं फळ्यावर बेरीज मांडली. एकचा पी-घात, दोनचा पी-घात, तीनचा, असं करत एनचा पी-घात. सगळ्यांची बेरीज, आणि तिला एनच्या पी-घातानं भागायचं. हाच तो सरासरी क्रमांक. "आता ही बेरीज अजून एकदा एननं भागली, म्हणजे खाली एनचा पी अधिक एक घात आला, तर एन वाढत जाईल तसं उत्तर एका ठरावीक आकड्याकडे जातं. एक छेद पी अधिक एक. पी एक असेल तर अर्धा. पी दोन असेल तर एक तृतीयांश. पी तीन असेल तर पाव."

तिनं शेजारी एक वक्ररेषा काढली आणि तिच्यावर चढत्या पायऱ्या. "एन मोठा झाला की पायऱ्या बारीक होतात आणि त्यांचं क्षेत्रफळ वक्राखालच्या क्षेत्रफळात विरघळून जातं. ते क्षेत्रफळ म्हणजे एक छेद पी अधिक एक. म्हणून सरासरी क्रमांक साधारण एन भागिले पी अधिक एक. शंभर चिठ्ठ्या, चारदा काढल्या, तर सर्वांत मोठा आकडा वरून साधारण विसावा."

पहिली तीन प्रकरणं गोड पार पडली. तिचा आवाज स्थिरावला. चौथ्या प्रकरणाशी ती आली तेव्हा मॅडम जराशा पुढे झुकल्या. हे प्रकरण प्रबंधाचा गाभा होता. आतापर्यंत पी ठरलेला असायचा. चौथ्या प्रकरणात तो एनबरोबर वाढायचा, चिठ्ठ्या जितक्या जास्त तितक्या जास्त वेळा काढायच्या. आणि तिचा निष्कर्ष असा की पी कितीही वेगानं वाढला, फक्त एनच्या पुढे गेला नाही म्हणजे झालं, तरी तेच सूत्र चालतं. एन भागिले पी अधिक एक. खऱ्या सरासरीचं आणि सूत्राचं गुणोत्तर एककडे जातं.

"धन्यवाद," असं म्हणून तिनं खडू खाली ठेवला. शेवटच्या बाकावरून टाळ्यांची सुरुवात झाली आणि कुणी सोबत करत नाही म्हणून थांबली.

शंकासुरांनी चष्मा पुसला.

"मला एक छोटी शंका आहे."

हॉलमध्ये दबकं हसू फुटलं. मॅडमही हसल्या.

"तुमचं सूत्र पी एनच्या पुढे न गेल्यास चालतं, असं तुम्ही म्हणता. मग पी एनइतकाच घ्या की. जितक्या चिठ्ठ्या, तितक्या वेळा काढायच्या. सूत्र काय म्हणतं?"

"एन भागिले एन अधिक एक, सर."

"म्हणजे एकपेक्षा कमी."

"हो."

"पण पहिल्या क्रमांकाच्याही वर कोण बसतं?" त्यांनी भाबडेपणानं विचारलं. आता सगळे मोकळेपणानं हसले. दीर तर जरा जास्तच.

तीही हसली. "सर, तो अंदाज आहे. एन मोठा झाला की तो एकला भिडतो. खरी सरासरी एकच्या वरूनच येत असणार. दोन्ही शेवटी एकलाच."

"येतात का?"

"म्हणजे?"

"खरी सरासरी एकला येते का? मला माहीत नाही, मी विचारतोय. दहा चिठ्ठ्या घ्या. दहा वेळा काढा. बेरीज करून बघू या ना."

तिनं खडू उचलला. प्रत्येक पदाला एनच्या घातानं भागून घेतलं, शेवटाकडून सुरुवात केली. शेवटचं पद एक. त्याच्या आधीचं, शून्य दशांश नऊचा दहावा घात. विभागप्रमुखांनी फोनच्या कॅल्क्युलेटरवर बघून सांगितलं, "शून्य पॉइंट पस्तीस." त्याच्या आधीचं, "पॉइंट अकरा." त्याच्या आधीचं, "पॉइंट शून्य तीन." पुढची पदं धुळीसारखी.

तिनं बेरीज लिहिली. जवळजवळ दीड.

"दहा लहान आहे, सर," ती म्हणाली. आवाज थोडा चढला होता, तिचा तिलाच कळला. "शंभर घेतले की खाली येईल."

"घ्या की."

शंभर घेतले. शेवटचं पद एक. त्याच्या आधीचं पॉइंट सदतीस. मग पॉइंट तेरा. मग पॉइंट शून्य पाच. मग पॉइंट शून्य दोनच्याही आत. बेरीज खाली येत नव्हती, वर चालली होती. एक पॉइंट सत्तावन्न.

तिला थांबायला कुणी सांगितलं नाही, पण ती थांबली.

कारण आता कॅल्क्युलेटरची गरज नव्हती. एन वाढेल तसं शेवटून दुसरं पद एक छेद ईकडे जाणार, ई म्हणजे साधारण दोन पॉइंट बहात्तर, तिसरं एक छेद ईच्या वर्गाकडे, चौथं घनाकडे. पहिल्या वर्षाच्या पोरांना ती स्वतः हे शिकवायची. भूमितीय श्रेढी, आणि तिची बेरीज ठरलेली. एक पॉइंट अठ्ठावन्न. एक नव्हे. कधीच एक नव्हे. सूत्रापेक्षा निम्म्याहून जास्त फरक, आणि तो एन कितीही मोठा केला तरी जाणार नाही.

कानात शिट्टी वाजावी तसं झालं. हॉल होता तिथेच होता, ट्यूबलाईट होती, पंखा होता, पण सगळं काचेच्या पलीकडे गेलं होतं. सगळी सूत्रं तिनं पी दोन, पी पाच, पी दहा घेऊन तपासली होती, हजारो चिठ्ठ्यांवर, आणि कोष्टकांत सगळं चपखल बसत होतं. पीला एनच्या बरोबरीनं पळवून तिनं कधी बघितलंच नव्हतं. इतकी साधी गोष्ट. नाकासमोरची.

"चौथं प्रकरण," शंकासुर हळूच म्हणाले. त्यांच्या आवाजात विजय नव्हता. तेही हादरल्यासारखे दिसत होते. "म्हणजे ते उभं राहत नाही, बाई."

"नाही, सर."

"ही पायरी आली कुठून? पी वाढता असला तरी चालतं, ही?"

प्रबंधात संदर्भ छापलेला होता, सगळ्यांना दिसत होता. मॅडमचा जुना लेख. त्यातलं दुसरं उपप्रमेय. मुंगीनं ते उचललं होतं, कारण ते मॅडमचं होतं. तिनं तोंड उघडण्याआधी मान वळवली आणि मॅडमकडे पाहिलं.

मॅडमचं हसू चेहऱ्यावरच होतं, पण कुणीतरी काढायचं विसरून गेल्यासारखं. त्या फळ्यावरच्या एक पॉइंट सत्तावन्नकडे बघत होत्या.

"ते तिनं स्वतः तपासून घ्यायला हवं होतं," मॅडम म्हणाल्या.

एवढंच. आवाज नेहमीसारखा. शांत, स्पष्ट, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा.

पंखा फिरत राहिला. विभागप्रमुखांनी घसा खाकरला. मुंगीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मग तिला शेवटच्या बाकावर सासूबाईंचा चेहरा दिसला. गणितातलं ओ की ठो न कळणाऱ्या सासूबाईंच्या तोंडाचा आ झाला होता. म्हणजे बरोबरच ऐकलं होतं.

*

चहाच्या सुट्टीच्या नावाखाली सगळ्यांना बाहेर काढलं. समिती आत बसली. मुंगी जिन्याच्या कठड्याला टेकून उभी होती. खडूचे हात तिनं साडीला पुसले आणि नंतर ते बघितलं.

"अगं, झालं काय पण?" नवऱ्यानं विचारलं. "एक पॉइंट पाच आलं काय नि एक आलं काय. थोडाच तर फरक."

"थोडा नाही रे."

"मग दुरुस्त करून टाक."

"इमारतीचा खांब दुरुस्त करतात तसं?"

त्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला, मग लोक बघतायत म्हणून काढून घेतला.

दीर मात्र तापला होता. "वहिनी, तो लेख त्यांचा ना? त्यांचंच चुकलं ना? मग आत जाऊन सांगा तसं! तुमच्यावर कशाला ढकलतायत? माझ्या दुकानात कंपनीनं चुकीचं औषध पाठवलं तर मी काय पेशंटला सांगू, तुम्ही तपासायला हवं होतं म्हणून?"

"तुमच्या दुकानातून गेलं तर तपासायचं काम तुमचंच, भावजी," ती म्हणाली.

सासऱ्यांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं. "पोरी, पाणी पी."

ती पाणी प्यायली. राग यायला हवा होता, आणि तो कुठेच सापडत नव्हता. आत नुसतीच एक मोठी रिकामी खोली होती आणि तिच्यात मॅडमचं ते वाक्य एकटंच फिरत होतं. आणि सर्वांत वाईट हे की वाक्य खोटं नव्हतं. तपासायला हवंच होतं तिनं.

समितीनं आत बोलावलं. मॅडमची खुर्ची रिकामी होती. विभागप्रमुखांनी कागदावर नजर ठेवूनच सांगितलं, प्रबंध नाकारलेला नाही. पहिली तीन प्रकरणं चांगली आहेत. चौथं पुन्हा लिहावं. तोंडी परीक्षा पुन्हा होईल.

"मॅडम?" तिनं विचारलं.

"त्यांना बरं वाटत नव्हतं. घरी गेल्या."

शंकासुर दारापर्यंत तिच्यासोबत आले. "तुमच्या मॅडमचा तो लेख मी स्वतः दोनदा वाचलाय," ते म्हणाले. "शिकवलाय सुद्धा. काल गेस्ट हाऊसवर तुमचा प्रबंध चाळताना मनात आलं, पी एनइतका घेतला तर काय होईल? मला वाटलं, तुम्ही चटकन उत्तर द्याल आणि माझीच चूक निघेल." ते थांबले. "मला आज जेवण जाणार नाही, बघा."

*

मॅडमचा फोन बंद होता. दुसऱ्या दिवशीही. त्यानंतरही. विभागात त्या रजेवर होत्या. लोक मुंगीकडे असे बघत, जणू तिच्या घरी कुणी गेलं आहे. स्टाफरूममध्ये ती शिरली की बोलणं तुटायचं.

रविवारी सकाळी तिनं जेवणाचं टेबल रिकामं केलं. मुलीला नवऱ्यानं खेळायला नेलं. सासूबाईंनी न विचारता भाजी निवडायचं सामान उचललं आणि स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. टेबलावर मॅडमचा जुना लेख, कोरे कागद, आणि ती.

दुसऱ्या उपप्रमेयाची सिद्धता अर्ध्या पानाची होती. तिनं ती एकेक ओळ घेऊन वाचली. पहिली ओळ बरोबर. दुसरी बरोबर. पायऱ्यांची चित्रं तिनं पुन्हा काढली. पायऱ्या वक्राच्या किंचित वर राहतात. किती वर? सगळ्या पायऱ्यांचे वर आलेले तुकडे एकावर एक रचले तर जास्तीत जास्त शेवटचा एक खांब भरतो. म्हणजे फरक शून्य ते एक छेद एन यांच्यामध्येच. पी काहीही असू दे. हेही बरोबर.

मग मॅडमनी लिहिलं होतं, हे सरळच आहे, हा फरक शून्याकडे जातो, म्हणून सोडून देऊ. तेही, खरं तर, बरोबर.

आणि पुढच्या ओळीत सगळ्याला एननं गुणलं होतं.

ती त्या ओळीकडे बघत राहिली. एक छेद एन शून्याकडे जातो. पण त्याला एननं गुणलं की तो परत येतो, पूर्ण एक होऊन. सोडून दिलेला तुकडा दारातून बाहेर काढला होता आणि तो खिडकीतून आत येऊन बसला होता, आणि कुणाचंही लक्ष गेलं नव्हतं. मॅडमचं नाही. शंकासुरांचं नाही. तिचं नाही. पी ठरावीक असेल तर एन भागिले पी अधिक एक हा आकडा डोंगराएवढा, त्यात एकाची भर म्हणजे कस्पट. पण पी एनबरोबर धावायला लागला की डोंगरच एकाएवढा होतो. मग कस्पट डोंगराच्या खांद्याला खांदा लावून उभं राहतं.

दुपारी सासूबाई ताट घेऊन आल्या तेव्हा टेबलभर कागद होते. "सापडलं का?" त्यांनी विचारलं.

"चूक सापडली, आई."

"आणि बरोबर काय ते?"

ती उत्तर देणार होती, आणि तिच्या लक्षात आलं की तेही समोरच आहे. गुणोत्तरातली चूक जास्तीत जास्त पी अधिक एक भागिले एन. म्हणजे पी जर एनच्या मानानं रेंगाळत असेल, पी भागिले एन शून्याकडे जात असेल, तर जुनं सूत्र सुखरूप. मॅडमच्या लेखातली पुढची प्रमेयं तशीच होती, पी तिथं अगदी हळू वाढत होता. ती प्रमेयं टिकत होती! फक्त ते एक उपप्रमेय गरजेपेक्षा मोठं तोंड करून बोललं होतं. आणि पी जर एनच्या ठरावीक पटीत असेल, समजा सी पट, तर सरासरी क्रमांक एक छेद, एक वजा ईचा उणे सी घात. वेगळंच सूत्र. नवीन.

"जेवून घे आधी," सासूबाई म्हणाल्या.

*

संध्याकाळच्या आत ती मॅडमच्या घरी पोचली. दार मॅडमच्या थोरल्या बहिणीनं उघडलं. दोघी बहिणी एकत्र राहायच्या. विद्यार्थी थोरलीला मावशी म्हणत.

"तू आलीस ते बरं झालं," मावशी हळू आवाजात म्हणाल्या. "कुणाशी बोलत नाही. दोन घास खाते, उठून जाते. मी विचारलं तर म्हणते, ताई, मी मोजतेय."

मॅडम आतल्या खोलीत जमिनीवर बसल्या होत्या. इतक्या वर्षांत मुंगीनं त्यांना जमिनीवर बसलेलं पाहिलं नव्हतं. केस विस्कटलेले, चष्मा कपाळावर. भोवती छापील लेखांचे गठ्ठे.

"हे सगळे," मॅडम मान वर न करता म्हणाल्या, "माझं ते उपप्रमेय वापरणारे. कुणी कुठं वापरलंय, बघतेय. हा टिकला. हाही. हा..." त्यांनी एक लेख उचलून धरला, "हा पडतो. हा एका पोराचा आहे. त्याला मी ओळखत पण नाही."

"मॅडम, तुमची प्रमेयं टिकतात. पी हळू वाढतो तिथं. मी तपासलं."

"मला माहीत आहे. पहिल्या रात्रीच तपासलं." त्यांनी चष्मा खाली ओढला आणि तिच्याकडे पाहिलं. डोळे सुजलेले होते. "बस. एक विचारू?"

ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली.

"त्यांनी विचारलं ना, ही पायरी कुठून आली म्हणून. तू माझ्याकडे पाहिलंस. ते आठवतंय. त्याच्या पुढचं काही आठवत नाही. मी जिन्यावरून उतरत होते, मग रिक्षात होते. मधे काय झालं? मी काही बोलले का?"

मुंगी इथं येताना सगळ्या तऱ्हेची तयारी करून आली होती. रागाची, रडण्याची, स्पष्टीकरणाची. याची नाही. मॅडम खरंच विचारत होत्या. चेहऱ्यावर आडपडदा नव्हता.

नाही म्हणणं सोपं होतं. काही नाही, मॅडम, तुम्ही गप्पच होतात. कोण सांगणार होतं? शंकासुर बोलले नसते, विभागप्रमुखही नाहीत. म्हाताऱ्या बाईचा एवढा एक क्षण पुसला गेला होता, तो पुसलेलाच राहू द्यायचा.

पण एक वस्तू लहान आहे म्हणून सोडून दिली की काय होतं, ते ती सकाळभर बघत होती.

"तुम्ही म्हणालात, ते तिनं स्वतः तपासून घ्यायला हवं होतं."

मॅडमचा हात हवेतच राहिला. लेख त्यातून सुटून मांडीवर पडला.

"असं मी म्हणाले?"

"हो."

"सगळ्यांसमोर?"

"हो."

"तुझ्या घरचे होते."

"होते."

फळ्यावरची चूक मॅडमनी पचवली होती, निदान तिच्याशी झुंजायला गठ्ठे तरी काढले होते. या चुकीसाठी त्यांच्याकडे कुठलाच गठ्ठा नव्हता.

"ते बरोबर होतं," शेवटी त्या म्हणाल्या. "तू तपासायला हवं होतंस. पण ते मी म्हणायचं नव्हतं. ते म्हणायचा हक्क त्या खोलीत फक्त मलाच नव्हता."

"असू दे, मॅडम" म्हणणं मुंगीच्या जिभेवर आलं, पण असू देण्यासारखं ते नव्हतं, आणि दोघींना ते माहीत होतं. तिनं पिशवीतून कागद काढले आणि जमिनीवर, दोघींच्या मध्ये ठेवले.

मॅडमनी कागद उचलले. वाचायला लागल्या. पहिल्यांदा अंगवळणी पडलेल्या सवयीनं, मग डोळे बारीक करून. पायऱ्यांच्या चित्रापाशी थांबल्या. "एक खांब," त्या पुटपुटल्या. "एकच खांब होता गं." मग सी असलेल्या ओळीशी आल्या, आणि त्यांची पाठ सरळ झाली.

"ही पदं एकेक करून ईच्या घातांकडे जातात हे ठीक," त्या म्हणाल्या. "पण ती मोजायला एन आहेत, आणि एन वाढतोय. पदं एकेक जातात म्हणून बेरीजही जाते, हे तू कशावरून म्हणतेस? परत तीच चूक करते आहेस."

मुंगी दचकली. मग तिनं पान उलटलं. "नाही, मॅडम. मागे आहे. प्रत्येक पद त्याच्या ईच्या घातापेक्षा लहानच असतं. एक वजा एक्स हे ईच्या उणे एक्स घाताच्या खालीच राहतं. म्हणून बेरजेच्या शेपटीला वरून झाकण आहे. ती फुगू शकत नाही."

मॅडमनी मागचं पान वाचलं. दोनदा. मग पेन्सिल उचलली आणि प्रत्येक ओळीच्या डाव्या बाजूला एक छोटी खूण करत गेल्या, एकही न वगळता, अगदी "समजा" म्हटलेल्या ओळीलाही.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज फुटला.

मावशी दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी दिवा लावला आणि काही न बोलता परत गेल्या.

*

मॅडमनी नियतकालिकाकडे दुरुस्ती पाठवली. दुसरं उपप्रमेय चुकीचं आहे, पी भागिले एन शून्याकडे जात असेल तरच खरं. चूक परीक्षकांच्या प्रश्नामुळे उघड झाली, आणि ती कुठं झाली हे त्यांच्या विद्यार्थिनीनं शोधलं, असं त्यांनी त्यात स्वतःच्या सहीनं लिहिलं. ज्याचा लेख पडला होता त्या अनोळखी पोराला त्यांनी वेगळं पत्र लिहिलं. त्याचं उत्तर आलं नाही. मॅडम कित्येक दिवस टपालाकडे बघत असत, असं मावशींनी नंतर सांगितलं.

नव्या चौथ्या प्रकरणातून निघालेल्या लेखावर मॅडमनी आपलं नाव घालू दिलं नाही. मुंगीनं आग्रह केला तेव्हा त्या नुसतं "नको गं" म्हणाल्या.

दुसरी तोंडी परीक्षा झाली तेव्हा शंकासुरांनी पी एनच्या वर्गाएवढा घेतला तर काय, असं विचारलं. ती म्हणाली, मग शेवटचं पद सोडून बाकी सगळी मरतात, आणि खरोखरच एक येतो. फळ्यावर करून दाखवा, ते म्हणाले, आणि तिनं करून दाखवलं. त्यांनी एकेक पायरी बोटावर मोजल्यासारखी तपासली. मॅडमनीही. दोघं इतक्या बारकाईनं बघत होते की विभागप्रमुखांना घड्याळाकडे बोट दाखवावं लागलं.

पदवी मिळाली. घरच्यांनी तिला बाहेर घेरलं, दीरानं फोटो काढले, सासरे उगाचच खोकत राहिले. गर्दी पांगल्यावर मॅडम सासूबाईंसमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांनी हात जोडले. काय बोलायचं ते ठरवून आल्या असाव्यात, पण त्यांना ते जमलं नाही. सासूबाईंनी त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं, मग पर्स काखेत धरून त्यांचे जोडलेले हात आपल्या हातांनी खाली केले.

मुंगी जिन्याच्या वरच्या पायरीवरून हे बघत होती. त्या दोघींमध्ये काय बोलणं झालं ते तिला ऐकू आलं नाही. नंतरही तिनं विचारलं नाही. मॅडमबरोबर ती पुढे बरीच वर्षं काम करत राहिली, दोघींनी मिळून लेखही लिहिले. पण "हे सरळच आहे" असं वाक्य त्या दोघींच्या कुठल्याही लेखात पुन्हा आलं नाही. आणि कधी बोलता बोलता मॅडम मधेच गप्प झाल्या, आणि एखाद्या जुन्या प्रश्नाकडे बघावं तसं तिच्याकडे बघत राहिल्या, की मुंगीही बोलायची थांबायची, आणि दोघी काही वेळ तशाच बसून राहायच्या.